बॅटरीची बंडी, बॅटरीचे हातमोजे आणि पुण्याची थंडी

मागच्या डिसेंबरमध्ये एके दिवशी दुपारी माझा भाचा घरी आला, तोच हाताला पट्टी बांधून. चाकणच्या एका कारखान्यात तो पहिल्या पाळीला असतो. कोंढव्याहून सव्वापाचला गाडी काढतो आणि नाशिक फाटा, भोसरी, मोशी असा चाळीसेक किलोमीटरचा रस्ता कापतो. त्या पहाटे मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडल्यावर पुढच्या टेम्पोने वेग कमी केला. याने ब्रेक दाबायला बोटे वळवली, पण ती वेळेवर वळलीच नाहीत. गाडी घसरली. अल्लाहची मेहरबानी, तळहात सोलण्यावरच निभावले. "खाला, ब्रेक कुठे आहे हेच बोटांना कळत नव्हते," एवढेच तो म्हणाला.

आठवड्याभरात त्याने ऑनलाइन दोन वस्तू मागवल्या. बॅटरीवर गरम होणारे हातमोजे साडेतीन हजारांचे, आणि पाठीत व छातीत गरम होणारी बिनबाह्यांची बंडी दोन हजारांची. हातमोज्यांच्या जाहिरातीत 'सहा तास ऊब' आणि बंडीच्या जाहिरातीत 'दहा तास ऊब' असे लिहिले होते. बंडीबरोबर बॅटरी नव्हती. मोबाइलसाठी वापरतो तीच पॉवर बँक तिच्या खिशातल्या वायरला जोडायची. अम्मीला बंडी फारच आवडली. फजरला उठल्यावर आपल्यालाही अशी एक हवी, असे तिने जाहीर करून टाकले. घरात दोघांना एकच वस्तू हवी झाली की ती वस्तू नीट तपासून पाहायची माझी जुनी खोड आहे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे यूएसबीचा वीज मोजणारा छोटा मीटर आणि वायरच्या टोकाला सुई असलेले डिजिटल तापमापक आहे. दोन्ही मागून आणले.

आधी 'दहा तास' कुठून येतात ते पाहिले. बंडीला तीन पायऱ्या आहेत. बटणाचा लाल दिवा म्हणजे जास्त, पांढरा म्हणजे मध्यम आणि निळा म्हणजे कमी. मीटरवर लाल पायरीला साडेनऊ वॉट, पांढरीला साडेसहा आणि निळीला चार वॉट वीज जात होती. भाच्याची पॉवर बँक १०,००० एमएएचची. हा आकडा आतल्या सेलचा असतो आणि सेलचा दाब ३.७ व्होल्ट. बाहेर येताना तो वाढवून ५ व्होल्ट करावा लागतो, त्यात काही वीज वायाही जाते. म्हणून पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरांत दुसरा एक आकडा छापलेला असतो, तो वाचावा. आमच्या बँकेवर '५ व्होल्टला ६,००० एमएएच' असे होते. ६ ला ५ ने गुणले की ३०, म्हणजे प्रत्यक्षात हाती येते ३० वॉट-तास वीज. आता हिशेब चौथीतल्या मुलालाही जमेल. ३० भागिले साडेनऊ, म्हणजे जास्त पायरीवर तीन तास आणि थोडी मिनिटे. मध्यमवर साडेचार तास, कमीवर साडेसात. मी लाल दिवा लावून बंडी खुर्चीच्या पाठीला घालून ठेवली, ती तीन तास पाच मिनिटांनी बंद पडली. जाहिरातीतले दहा तास होते खरे, पण सगळ्यात कमी पायरीवर आणि दुप्पट मोठ्या पॉवर बँकेवर. ते खाली बारीक टाइपात लिहिले होते.

घरातली एक जुनी पॉवर बँक जोडून पाहिली, तर बंडीचा दिवा दोनदा लुकलुकून विझला. तिच्या तोंडावर १ अँपियर लिहिले होते आणि बंडीला जवळजवळ दोन लागतात. बंडी बिघडली असे समजून परत पाठवणाऱ्यांपैकी काहींच्या घरी एवढेच झाले असेल.

हातमोज्यांचा मामला वेगळा. त्यांत मनगटापाशी कप्पा असतो आणि दोन्ही हातांना स्वतंत्र बॅटरी. आमच्याकडच्या बॅटरीवर ७.४ व्होल्ट, २,२०० एमएएच असे लिहिले होते, म्हणजे एका हाताला साधारण १६ वॉट-तास. जास्त पायरीवर एक मोजा सातेक वॉट खातो, म्हणजे सव्वादोन तास. चाकणला पोहोचायला तेवढे पुरतात. पण रोज घरी आल्यावर दोन बॅटरी काढायच्या, चार तास चार्जिंगला लावायच्या आणि पहाटे अंधारात पुन्हा कप्प्यात बसवायच्या. पहिल्या पंधरा दिवसांत भाचा तीन वेळा चार्ज करायला विसरला. बिनबॅटरीचा तो मोजा म्हणजे जाडजूड, अडचणीचा आणि थंड हातमोजा.

आणि मोजे चालू असतानाही त्याची बोटांची टोके गारच राहत होती. असे का, हे मोजा उलटा करून चाचपल्यावर कळले. गरम होणारी तार बोटांच्या पाठीवरून जाते. तळव्याच्या बाजूला तार ठेवली तर हँडल धरताना ती सारखी दबून तुटेल, म्हणून तिथे ती नसतेच. ब्रेक आणि क्लचचे धातूचे दांडे मात्र तळव्याच्याच बाजूने बोटांतली ऊब ओढून घेतात. शिवाय समोरून वारा. दहा अंशांची हवा ताशी चाळीस किलोमीटरच्या वेगाने उघड्या कातडीवर आली की ती सहा अंशांसारखी लागते, साठच्या वेगाला पाच अंशांसारखी. पुण्यात शिवाजीनगर वेधशाळेत १७ जानेवारी १९३५ ला १.७ अंश नोंदले गेले होते, तेवढी थंडी आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेली नाही. पण गाडीवर बसलेला माणूस रोज पहाटे आपल्यापुरती चार-पाच अंशांची जादा थंडी तयार करतो, आणि नदीकाठच्या सखल भागात हवा आणखी गार असते.

इथे शरीराची एक गोष्ट समजून घेतली की बाकीचे आपोआप उलगडते. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता स्वतःच निर्माण करत असतो, पूर्वीच्या शंभराच्या पिवळ्या बल्बाइतकी. झपझप चालायला लागला की तिच्या तिप्पट. बंडी त्यात भर घालते ती साडेनऊ वॉटची, म्हणजे दहाव्या हिश्श्याहूनही कमी. त्यामुळे शरीराचे स्वतःचे शंभर वॉट वाऱ्यावर उडून जात असतील, तर बॅटरीचे नऊ वॉट त्यांच्यामागोमाग जातील. आधी दार लावायचे, मग शेगडी पेटवायची, हा क्रम घरात जसा तसाच अंगावरही. भाचा बंडी सर्वांत वरून घालत होता, दिवा दिसावा म्हणूनही असेल! ती अर्धी रस्त्याला तापवत होती.

दुसरे असे की छाती-पोट गार पडायला लागले की शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आखडून घेते. आतले हृदय, फुप्फुसे गरम राहावीत म्हणून बोटांचा रक्तपुरवठा कमी होतो. म्हणजे बोटे बधिर होण्याचे कारण पुष्कळदा बोटांत नसते, उघड्या गळ्यात आणि पातळ जॅकेटात असते. धड उबदार ठेवले तर रक्त परत बोटांकडे येते.

हे ध्यानात घेऊन आम्ही मामुली कपड्यांचा प्रयोग केला. भाचा आत सुती बनियन, त्यावर टी-शर्ट आणि त्यावर चेन अर्धी उघडी असलेले जॅकेट घालत असे. आता अंगाला लागून थर्मलचा पातळ पूर्ण बाह्यांचा गंजी, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर गळ्यापर्यंत बंद होणारे विंडचीटर. सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले झाले की अंगाला चिकटून गारवा देते, म्हणून आतला थर सुती नको. मधल्या थराचे काम हवा अडकवून ठेवण्याचे. लोकरीच्या धाग्यांमध्ये हवा साठते आणि थोडी ओली झाली तरी ती ऊब सोडत नाही. धनगरांची घोंगडी पावसात का चालते, याचे उत्तरही हेच. वरचा थर फक्त वारा अडवण्यासाठी. तो जाड असायची मुळीच गरज नाही. पहाटे पेपर टाकणारी मुले स्वेटरच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवतात, ती हेच काम फुकटात करते. गळ्याला मफलर, पण त्याची टोके विंडचीटरच्या आत खोचलेली. लोंबती टोके चाकात जाण्याचा धोका थंडीहून मोठा. हेच पाठीमागे बसणाऱ्या आयाबहिणींच्या ओढणीला आणि बुरख्यालाही लागू.

हातांसाठी नाना पेठेतून हँडलवर बसवायची रेक्झिनची कव्हरे आणली, दोनशे रुपयांच्या आत जोडी. त्यात हात घातला की वारा बोटांपर्यंत पोहोचतच नाही आणि आत लोकरीचा साधा पातळ हातमोजा पुरतो, त्यामुळे ब्रेकचा दांडा बोटांना नीट कळतो. बसवताना एक पाहावे लागते: कव्हर ताणून बांधले तर ते ब्रेकचा दांडा थोडासा दाबून धरते. गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवून बघावे. ते मोकळे फिरले पाहिजे, आणि हात एका झटक्यात बाहेर निघाला पाहिजे. या पोशाखात पहिल्या दिवशी भाचा चाकणला पोहोचला आणि तिथून त्याने फोन केला. म्हणाला, "खाला, बोटे गरम नाहीत, पण आहेत!" साडेपाच हजारांच्या वस्तूंचे काम विंडचीटर धरून हजाराच्या आत झाले होते.

हातमोज्यांनी पुढे आणखी एक गुण दाखवला. तिसऱ्या आठवड्यात डाव्या मोज्याची दोन बोटे गरम होईनाशी झाली. क्लचचा हात दिवसातून शेकडो वेळा वळतो, तिथे तार तुटली. हे ओळखणे सोपे आहे. मोजे चालू करून पाच मिनिटे थांबावे आणि एकेक बोट गालाला लावून पाहावे. बोट थंड लागले तर तार तुटली, तेवढे नुकसान सोसता येते. पण एखाद्या ठिपक्यापुरते भलतेच गरम लागले, कापड पिवळे पडले किंवा जळका वास आला, तर तिथे तार अर्धवट तुटून चटका देते आहे. ती वस्तू त्याच क्षणी बंद करावी आणि पुन्हा वापरू नये. बंडी पिळून धुण्यानेही हेच होते. बॅटरी काढून, वायरच्या टोकाला टोपण लावून, गार पाण्यात हाताने दाबून धुवावी, सावलीत पसरून पूर्ण वाळवावी. इस्त्री करू नये.

आता अम्मीची गोष्ट. तिला वीस वर्षांपासून शुगर आहे आणि पायांची बोटे बधिर असतात. तापमापकाची सुई बंडीच्या पाठीच्या पट्टीला लावून वरून चादर घातली, तेव्हा जास्त पायरीवर ४९ अंश दाखवले. मध्ये बनियन आणि कुर्त्याचे कापड घातल्यावर ४१. हा फरक मामुली नाही. ६० अंशांची वस्तू काही सेकंदांत भाजते हे सर्वांना ठाऊक असते, पण ४४ अंशांची वस्तू एकाच जागी सहाएक तास चिकटून राहिली तरी कातडी भाजते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. चांगल्या माणसाला मधेच गरम लागते आणि तो सरकतो. ज्याची जाणीव शुगरने कमी झाली आहे, जो झोपेत आहे किंवा झोपेची गोळी घेतो, जो तान्हे बाळ आहे, तो सरकत नाही.

काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसायची रीत आहे. तीही अंगावरची शेगडीच, बॅटरी नसलेली. वर्षानुवर्षे ती पोटाला आणि मांड्यांना लागून तिथल्या कातडीवर आधी जाळीसारखे तांबूस-तपकिरी डाग पडतात आणि काहींना पुढे तिथेच कर्करोग होतो. डॉ. एल्म्स्ली यांनी १८६६ मध्येच हा आजार वैद्यकीय जगापुढे मांडला होता. आपली चार वॉटची बंडी म्हणजे काही कांगडी नव्हे. पण जाळीसारखे ते डाग गरम पाण्याच्या पिशवीने आणि विजेच्या पॅडनेही पडतात. तसा डाग दिसला तर ऊब बंद करावी आणि डाग जात नसेल तर डॉक्टरांना दाखवावे. हृदयात पेसमेकर बसवलेल्यांनी तर आधी डॉक्टरांना विचारूनच अशी वस्तू घ्यावी.

अम्मीला एवढे सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे मला काहीच नको देऊस!" मग असे ठरले: वुजूसाठी कोमट पाणी, वुजूनंतर हात कोपरापर्यंत कोरडे पुसणे, कारण ओल्या बाह्या अर्धी थंडी आणतात, लोकरीचे पायमोजे आणि जानमाजखाली दुमडलेली घोंगडी. गारवा फरशीतून वर येत होता. तो तिथेच अडला आणि बंडीचा विषय आठवड्यात मागे पडला.

तर मग बंडी कोणाच्या कामाची? ती घरात पडून होती तेव्हा माझे दीर ती घेऊन गेले. शहराबाहेरच्या एका गोदामात ते रात्रीचे रखवालदार आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा एका खुर्चीत बसायचे. चालणे-फिरणे नाही, म्हणून शरीर फक्त आपले शंभर वॉट देते, आणि कपडे कितीही घातले तरी पहाटे ते कमी पडतात. त्यांच्या केबिनमध्ये थंडीच्या दिवसांत पत्र्याच्या डब्यात कोळसे पेटवून दार लावून घ्यायची सवय होती. बंद खोलीत धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठतोच असे नाही. दिरांचे डोके दोन हिवाळे दुखत होते, ते त्याला जागरण समजत होते. बसून राहायचे काम, आजूबाजूला विजेचा बोर्ड नाही आणि पर्याय म्हणून निखारे, अशा ठिकाणी बॅटरीची बंडी खरोखर आपले दाम वसूल करते.

त्यांना आम्ही थर लावून दिले: थर्मलचा गंजी, त्यावर बंडी, त्यावर स्वेटर आणि वर जुने विंडचीटर. बंडी अंगाला टेकलेली पण घट्ट नाही. पॉवर बँक बाहेरच्या नव्हे, आतल्या खिशात, कारण गारठलेली लिथियम बॅटरी पूर्ण वीज देत नाही. शून्य अंशाला पाचवा हिस्सा सहज कमी होतो. पुण्यात हा तोटा किरकोळ आहे, पण मुलांना घेऊन गुलमर्ग किंवा लेहला जाणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा. तिथे आणखी एक पथ्य: बाहेरून आणलेली गोठलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. शून्याखाली चार्ज केल्यास सेलच्या आत धातूचा थर जमतो आणि बॅटरी कायमची बिघडते, पुढे पेटण्याचीही भीती असते. आधी खोलीत ठेवून गरम होऊ द्यावी. विमानात पॉवर बँक आणि सुटी बॅटरी हातातल्या बॅगेतच न्यावी लागते, मोठ्या सामानात चालत नाही. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची असते, ती या मर्यादेत बसते.

दिरांसाठी नवी पॉवर बँक घेताना मी दुकानदाराला तिच्यावरचे भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक दाखवायला लावला. त्याने आधी एक निम्म्या किमतीची पुढे केली होती, तिच्यावर दोन्ही नव्हते. अंगावर, छातीपाशी बाळगायच्या वस्तूत तेवढी काटकसर मला परवडत नाही. वापरता वापरता बॅटरी फुगली, पाठ गोल झाली, चार्ज होताना हात लावून ठेववेना इतकी तापली, की ती संपली असे समजावे. ती टोचू नये, कचऱ्याच्या डब्यात टाकू नये, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यावी. आणि रात्री उशीखाली चार्जिंगला तर कधीच नाही.

राहिला प्रश्न साडेचार तासांचा. रात्र आठ तासांची आणि मध्यम पायरीवर बॅटरी साडेचार तासांची. पहिल्या रात्री दिरांनी दहाला येताच लाल दिवा लावला आणि सव्वाला बंडी गार पडली. पण थंडी रात्रभर सारखी नसते. जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पारा सर्वांत खाली जातो तो सूर्य उगवण्याच्या सुमारास. म्हणून आता मध्यरात्रीपर्यंत ते नुसत्या कपड्यांवर असतात, दर तासाला गोदामाला एक फेरी मारतात, आणि पांढरा दिवा लागतो तो पहाटे दोनला. फजरची अजान होते तेव्हा तो चालू असतो. साडेसहाला ते घरी पोहोचतात, तेव्हा बॅटरी संपलेली असते. कोळशाचा डबा त्यांच्या बायकोने भंगारात दिला.